गीत पेन्सिल घेऊन वाचायचं कसं: शिकवणाऱ्यासाठी पायऱ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी कविता शिकवायला बसलं की समोरच्या पोरांत दोन तऱ्हा दिसतात. मराठी माध्यमातल्या पोराला कवितेचा अर्थ गाइडातून आधीच पाठ असतो. कन्नड माध्यमातल्या पोराला घरात मराठी बोलता येते आणि हिंदीमुळे देवनागरीही वाचता येते, पण मराठी वाचायचा वेग कमी असतो. आश्चर्य म्हणजे बारकाईने वाचायला शिकवायचं तर दुसऱ्या तऱ्हेचं पोर सोपं जातं. त्याला प्रत्येक ओळीवर थांबावंच लागतं. पहिल्याला मुद्दाम थांबवावं लागतं.

हा लेख ज्यांना भाचीला, शेजारच्या मुलाला किंवा वाचनालयात जमणाऱ्या चार पोरांना पहिल्यांदाच गीत वाचायला शिकवायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. करायचं एवढंच: परत परत येणारे शब्द, डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या वस्तू आणि भाव बदलतो ती जागा, या तिन्हींवर खुणा करायच्या. अर्थ त्यानंतर.

गीत निवडणं आणि उतरवणं

पहिलं गीत पाठ्यपुस्तकातलं नको, चाल लागून घरोघरी पोचलेलं तर मुळीच नको. ऐकलेली चाल भाव आधीच सांगून टाकते आणि मग पोर शब्दांकडे बघतच नाही. बारा ते वीस ओळींचं, आधी न ऐकलेलं, रोजच्या बोलीजवळचं गीत घ्या. तसं हाताशी नसेल तर स्वतः रचा. फार चांगलं नसलं तरी चालतं. खाली मी सरावासाठी रचलेलं एक गीत देतो. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत. पंचमीला माहेरी न्यायला भाऊ येतो, हे आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. कन्नड घरातल्या पोरालाही पंचमीची जोकाली, म्हणजे झोका, ठाऊक असते.

झड लागली श्रावणी
पाणी चढलं ओढ्याला
वाट बघते भावाची
झोका बांधला आढ्याला

झोका रिकामा हालतो
वारा बसतो झुलाया
वाट चिखलात गेली
कोण येईल गं न्याया

सासू टेकली झोक्याला
म्हणे, "मीही बघायची
वाट याच ओढ्यापाशी
माझ्या पाठच्या भावाची"

पाणी ओढ्याचं वाहतं
झोका हालतो दोघींचा
वाट दिसेना अंधारी
दिवा एकाच वातीचा

छापील कागद देऊ नका, मुलाच्या हाताने उतरवून घ्या. कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून एक, दोन्हीकडे तीन बोटं समास ठेवून. कडव्यांमधली मोकळी जागा तशीच राहू द्या, ती पुढे लागणार आहे. मग ओळींना १ ते १६ आकडे घाला. आकड्यांचा फायदा असा की पुढे बोलताना मुलाला "ते वरचं कुठंतरी" असं म्हणता येत नाही, "सातवी ओळ" म्हणावं लागतं. उतरवताना तो कुठे चुकतो त्यावर लक्ष ठेवा. "न्याया"च्या जागी "न्यायला" लिहिलं तर त्याने ओळ ऐकलेली नाही, नुसती बघितली आहे. अक्षरं मोजायला लावा, आठाची नऊ झालेली त्याची त्यालाच सापडतील.

मग दोनदा मोठ्यानं वाचन. एकदा तुम्ही, एकदा तो. चाल लावायची नाही. झड म्हणजे न थांबता लागून राहणारा पाऊस आणि आढं म्हणजे छपराचं वरचं लाकूड, एवढे दोन शब्द अडले तर सांगा. "कवीला काय म्हणायचं आहे" हा प्रश्न मात्र इथे विचारू नका. तो विचारला की पोर गाइडाच्या भाषेत बोलायला लागतं आणि पुढचा तास वाया जातो.

परत येणारे शब्द

पेन्सिलने गोल करायचे. नियम एकच: एखादा शब्द दुसऱ्यांदा भेटला की तोही गोल करायचा आणि मागे जाऊन पहिलाही. आहे, आणि, तो असले शब्द सध्या सोडून द्या.

इथे नवशिका हमखास अडतो, कारण मराठीत शब्द रूप बदलून येतो. ओढ्याला, ओढ्यापाशी, ओढ्याचं हे तिन्ही एकच आहेत हे मोठ्या माणसाला दिसतं, पण कागदावर अक्षरं वेगळी असल्यामुळे मुलाच्या नजरेतून सुटतात. झोका आणि झोक्याला यांचंही तेच. "हा शब्द एकटा असताना कसा म्हणशील?" असं विचारलं की पुरतं.

या गीतात गोल करून झाल्यावर कागदावर हे दिसायला हवं: "वाट" ३, ७, ११, १५ या ओळींत. "झोका" ४, ५, ९, १४ मध्ये. "ओढा" २, ११, १३ मध्ये. "पाणी" २ आणि १३. "भावाची" ३ आणि १२. शिवाय बघते–बघायची आणि दोनदा आलेलं "हालतो". काही पोरांना "वाट" दर कडव्याच्या तिसऱ्या ओळीच्या तोंडाशीच येते हे आपणहून दिसतं. दिसलं तर चांगलं, नाही दिसलं तर बोट ठेवून दाखवा.

पण गोल करणं म्हणजे वाचणं नव्हे, आणि बरेच शिकवणारे इथेच थांबतात. शब्द चार वेळा आला, म्हणजे तो महत्त्वाचा, म्हणजे "कवीने यावर भर दिला आहे", संपलं! याने काही कळत नाही. पुढचं काम असं की प्रत्येक गोलाशेजारी समासात, तिथे तो शब्द काय करतोय ते तीन-चार शब्दांत लिहायचं. "वाट"पुढे मुलाने असं लिहिलं पाहिजे:

ओळ ३: ती थांबलीय, भाऊ येईल म्हणून.
ओळ ७: रस्ता, चिखलात गेलाय.
ओळ ११: सासू थांबायची, पूर्वी.
ओळ १५: रस्ता, अंधारात दिसत नाही.

आता चारही ओळी एकाखाली एक वाचायला लावा. पहिल्यांदा वाट बघणं, दुसऱ्यांदा पायाखालची वाट, मग पुन्हा बघणं, पुन्हा पायाखालची. ज्या रस्त्यावरून भाऊ यायचा तो चिखलात जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. थांबणं मात्र एकीकडून दुसरीकडे पसरतं. आधी सुनेचं होतं, मग कळतं की ते सासूचंही होतं. हे मुलाला तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं वाचन. त्याने चार टिपणं लिहून स्वतः बघितलं तर त्याचं.

अकराव्या ओळीत एक गंमत आहे. "बघायची" दहाव्या ओळीच्या शेवटी आणि "वाट" अकराव्याच्या सुरुवातीला. ओळीपाशी थांबून वाचणारं पोर "मीही बघायची" वाचून विचारतं, काय बघायची? एक श्वास अडकतो आणि मग "वाट" येते. ओळ कुठे तुटते याकडे लक्ष द्यायची ही चांगली जागा आहे, पण पहिल्याच दिवशी यावर फार वेळ घालवू नका.

परत येणारा प्रत्येक शब्द अर्थासाठीच आलेला असतो असंही नाही. आठ अक्षरांची ओळ भरायची तर कधीकधी "गं" किंवा "की" नुसते भरीला येतात. ओळखायची युक्ती: शब्द काढून ओळ वाचा. नुसता ताल मोडला तर शब्द भरीचा. बोलण्यातलंही काही गेलं तर तो कामाचा. आठव्या ओळीतला "गं" काढून बघा. ताल तर मोडतोच, पण ती कुणाशी बोलतेय हेही जातं. "गं" असल्यामुळे ऐकणारी बाई आहे हे कळतं, आणि तोवर गीतात दुसरी बाई आलेलीच नाही. ती पुढच्याच ओळीत येते.

गाऊन दाखवलेल्या गीतात आणखी एक फसगत होते. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत कवी ओळ दोनदा म्हणतो, कारण मंडपात मागच्यांना ऐकू जावं आणि दाद यावी. गायक ध्रुपद चार वेळा घेतो. ती पुनरावृत्ती सादर करण्यातली आहे, लिहिण्यातली नाही. ऐकून उतरवलेलं गीत असेल तर ध्रुपद कागदावर एकदाच लिहा, आणि बाजूला "परत येतं" अशी खूण करा. नाहीतर मोजणीत ध्रुपदच सगळ्यांना खाऊन टाकतं.

वस्तूंची गोष्ट

आता दुसरा रंग. डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं, हाताला लागतं ते सगळं अधोरेखित करायचं: झड, पाणी, ओढा, झोका, आढं, वारा, चिखल, अंधार, दिवा. पुस्तकात यालाच प्रतिमा म्हणतात. मुलासमोर "प्रतीक" हा शब्द मात्र काढू नका. काढलात की "दिवा हे आशेचं प्रतीक आहे" असं तयार वाक्य येतं, आणि ते गीत न वाचताही लिहिता येतं. दिवा कुठल्याही कवितेत आला तरी तेच वाक्य.

त्याऐवजी विचारायचं: या वस्तूचं काय होतं? म्हणजे वस्तूशेजारचं क्रियापद किंवा विशेषण शोधायचं. झोका घ्या. चौथ्या ओळीत बांधला. पाचवीत रिकामा हालतो. नववीत सासू टेकली. चौदावीत हालतो, पण आता दोघींचा. एवढं एका ओळीत लिहिलं की झोक्याची स्वतःची गोष्ट तयार झाली: बांधला, रिकामा, एक जण टेकली, दोघींचा. "हालतो" हे पाचव्या आणि चौदाव्या ओळीत अगदी तेच आहे, बदललाय तो त्याच्यावर बसणारा. आधी वारा, मग दोन बायका. पहिल्या पायरीतले गोल आणि या पायरीतल्या रेघा इथे एकमेकांवर पडतात. ज्या शब्दावर दोन्ही खुणा आहेत तिथून वाचन सुरू करायचं, हे मुलाला सांगून टाका.

पाण्याचंही करून बघा: दुसऱ्या ओळीत चढलं, तेराव्या ओळीत वाहतं. बहुतेक पोरं इथे "पाणी उतरलं" असं सांगतात, कारण गोष्ट चांगली संपावी असं त्यांना वाटतं. त्यांना तेरावी ओळ मोठ्यानं वाचायला लावा. "उतरलं" लिहिलेलं नाही. "वाहतं" लिहिलंय. चढायचं थांबलं असेल, नसेलही, पण ओलांडण्याजोगं झालं असं गीत कुठेच म्हणत नाही. मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयच्या काठच्या पोराला वाहत्या पाण्याचा आणि उतरलेल्या पाण्याचा फरक तुमच्यापेक्षा जास्त कळतो. त्याला फक्त कागदाकडे परत न्यायचं असतं.

एकदाच आलेल्या वस्तूवर वेगळी खूण करा, साधी फुली चालेल. इथे दिवा एकदाच येतो, अगदी शेवटच्या ओळीत. सोळा ओळींत शब्द परत परत येत असताना शेवटी एक नवीनच वस्तू का आली, हा प्रश्न समासात लिहून ठेवा. उत्तराची घाई नको.

भाव कुठे वळतो

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. भाव बदलला असं वाटेल तिथे ओळींच्या मध्ये आडवी रेघ मारायची. स्पष्ट बदल असेल तर सलग रेघ, अंदाज असेल तर तुटक. रेघेच्या वर आणि खाली मुलाने आपल्या शब्दांत भाव लिहायचा. करुण, शांत, वीर अशी रसांची नावं नकोत. "कंटाळलीय", "जीव लागलाय", "जरा बरं वाटलं" असलं चालेल, उलट तेच हवं.

अट एकच. प्रत्येक रेघेला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे त्या जागचा एखादा शब्द. बोलणारं माणूस बदललं का, काळ बदलला का, प्रश्न आला का, मी-तू-आपण यांत फरक पडला का, दिवसाची वेळ बदलली का, हे पाच प्रश्न विचारायला लावा. पुरावा सापडला नाही तर रेघ खोडायची.

एका नववीतल्या मुलीबरोबर हेच गीत वाचत होतो. कन्नड माध्यमातली, घर खानापूरकडचं. तिने पहिली रेघ आठव्या आणि नवव्या ओळीच्या मध्ये मारली, सलग. जागा बरोबर होती. खाली लिहिलं होतं: "सासू टोमणा मारते".

"कशावरून?" मी विचारलं.

"सासू हाय म्हटल्यावर टोमणाच मारणार की, सर. ओव्यांत तसंच असतंय."

ओव्यांत बऱ्याचदा तसं असतं, हे खरं. आणि म्हणूनच ही चूक मोलाची आहे: तिने हे गीत वाचलं नव्हतं, आजीकडून ऐकलेल्या ओव्या यात वाचल्या होत्या. मी तिला नववी ते बारावी ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि टोमण्याचा शब्द दाखव म्हटलं. ती बोट फिरवत राहिली. मग "मीही"वर थांबली.

"हे 'ही' हाय न्हवं... तिची पण तीच गत होती म्हणायलीय."

एका "ही"वरून तिने सासूची बाजू बदलली. मघाशी बारीक शब्द सोडून द्या म्हटलं होतं, ते रेघा मारताना परत घ्यायचे असतात. "मीही", "याच ओढ्यापाशी", "एकाच वातीचा" यांतले "ही" आणि "च" दोघींना जवळ आणतात. ओढा तोच, झोका तोच, थांबणंही तेच. "बघायची" हा काळही बघून घ्या. ते एकदाचं नव्हे, वर्षानुवर्षं घडत आलेलं आहे, आणि आता घडत नाही. का घडत नाही ते सांगितलेलं नाही. तिने खोडून लिहिलं: "सासू आपली गोष्ट सांगते". एवढं पुरे.

दुसरी रेघ चौथ्या-पाचव्या ओळीत मारता येते, पण तुटक. झोका बांधला यात तयारी आहे, रिकामा हालतो यात वाट बघून झाल्यासारखं आहे. पुरावा "रिकामा" हा शब्द. काही जण ही रेघ सातव्या ओळीपाशी मारतात, चिखलामुळे. दोन्ही चालतील, मात्र ज्याने मारली त्याने शब्द दाखवायचा. तिसरी रेघ बाराव्या आणि तेराव्या ओळीच्या मध्ये. इथे सासूचं बोलणं संपतं, आणि आणखी एक गोष्ट होते जी पोरांच्या लक्षात सहसा येत नाही: तिसऱ्या ओळीत "वाट बघते" म्हणणारी "मी" चौथ्या कडव्यात उरतच नाही. "दोघींचा" आहे, पण "मी" नाही. शिवाय "अंधारी" या एका शब्दाने संध्याकाळ उलटून गेलेली कळते. म्हणजे अंधार पडेपर्यंत भाऊ आलेला नाही, एवढा अंदाज रास्त आहे. तो आता येणारच नाही हा अंदाज रास्त नाही.

खुणांवरून तीन वाक्यं

खुणा झाल्या की अर्थ लिहायचा, तीनच वाक्यांत. पहिलं वाक्य एका परत येणाऱ्या शब्दावर, दुसरं एका वस्तूवर, तिसरं एका रेघेवर. प्रत्येक वाक्यात ओळीचा आकडा आलाच पाहिजे. त्या मुलीने शेवटी लिहिलेलं, शुद्धलेखन सुधारून, असं होतं:

"वाट चार वेळा येते, ३ आणि ११ मध्ये ती थांबणं आहे, ७ आणि १५ मध्ये रस्ता आहे, आणि रस्ता संपत जातो. झोका ५ मध्ये वाऱ्याचा असतो, १४ मध्ये दोघींचा होतो. ९ पासून सासू बोलते आणि त्यानंतर सून एकटी राहत नाही, पण भाऊ आला असं कुठं लिहिलेलं नाही."

यात दिवा नाही, आणि मी तो घालायला लावला नाही. सोळाव्या ओळीपुढे तिने प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. एका वातीचा दिवा दोघींना मिळून एकच म्हणून बरा, की घरात उजेडच तेवढा म्हणून उदास? दोन्ही वाचता येतं आणि गीत निकाल देत नाही. असं प्रश्नचिन्ह कागदावर राहू द्यावं. शिकवणाऱ्याला ते पुसायची फार घाई असते, विशेषतः परीक्षा जवळ आली की.

काय बिघडलंय हे कागद बघूनच ओळखता येतं. सगळं गीत रंगलेलं असेल तर मुलाने निवड केलेली नाही. त्याला म्हणा, तीन गोल सोडून बाकीचे खोड. समास कोरा आणि गोल भरपूर असतील तर त्याने मोजलं, वाचलं नाही. रेघा फक्त कडव्यांच्या मोकळ्या जागांवरच असतील आणि एकाही रेघेला पुराव्याचा शब्द नसेल तर तो भाव बघत नाही, छपाई बघतोय. तेव्हा त्याला कडव्यांमधली जागा न सोडता गीत पुन्हा उतरवायला सांगा आणि रेघा नव्याने मारू द्या. आणि शेवटच्या वाक्यात "आपण सर्वांनी" असं काही आलं असेल तर ते गाइडातून आलंय. त्यावर काट मारून ओळीचा आकडा विचारा.

ही पद्धत सगळीकडे सारखी चालत नाही. गझलेत रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द, दर शेरात येणारच असतो, त्यामुळे तो गोल करून काही हाती लागत नाही. तिथे रदीफाच्या आधी काय बदलतं ते बघावं लागतं. अभंगात शेवटी "तुका म्हणे"सारखी नाममुद्रा येते आणि बोलणारा बदलल्यासारखा भासतो, ती रेघ मारताना जपून. मुक्तछंदात शब्द परत येतीलच असं नाही, म्हणून तिथे वस्तूंपासून सुरुवात करा. दुसऱ्या वेळी गीत तुम्ही निवडू नका. आजी किंवा शेजारची एखादी बाई जात्यावरच्या चार ओव्या सांगू शकत असेल तर मुलालाच वही घेऊन पाठवा. ती बोलेल तशा उतरवून आणायच्या, "व्हय" असेल तर "व्हय"च लिहायचं, आणि गोल करायला सुरुवात करण्याआधी ओळींना आकडे घालायचे.